खजिना हाय तरी कुठं?

(विज्ञान दिनाची नाटुकली. स्थळ: नागपुरातल्या एका शाळेचं मैदान. सामान: लांब दोरी, फक्की, खुरपं. पात्रं: ताई, सानिया, रोशन, गुड्डू.)

ताई: झिरो माइलच्या खांबावर गावांची अंतरं कोरलेली पाहिली ना? आजचा खजिनाही अंतरांवरूनच सापडेल. सानिया, चिठ्ठी वाच.

सानिया: "खजिना पुरून मी तिथंच उभा राहिलो. कडुनिंब, झेंड्याचा खांब आणि नळ, तिन्हीकडून एकेक पोरगा सरळ माझ्याकडं आला. सेकंदाला एक पाऊल. हातात निघाल्याची वेळ लिहिलेली. माझ्या घड्याळाप्रमाणे कडुनिंबापासून 40 सेकंद लागले, खांबापासून 50, नळापासून 60."

रोशन: म्हणजे कडुनिंबापासून 40 पावलं! पण कोणत्या बाजूनं बे?

ताई: बाजू त्यानं लिहिलीच नाही. दोरी धर आणि गोल फीर.

(रोशन फक्कीनं वर्तुळ काढतो. मग खांबाभोवती दुसरं. दोन्ही दोन ठिकाणी छेदतात.)

गुड्डू: दोनच जागा! नळाचं वर्तुळ काढलं की झालं.

(तिसरं वर्तुळ दोन्ही जागा चुकवतं. मधे मोठा तुकडा उरतो.)

गुड्डू: बाप्पा! आता एवढं सारं खोदाचं?

सानिया: थांब ना. त्याचं घड्याळच पुढं असेल तर? मग तिन्ही अंतरं सारखीच वाढली. सगळ्यांतून 5 पावलं कमी कर.

(तुकडा लहान होतो. आणखी 5 कमी केल्यावर तिन्ही रेषा एका ठिपक्यात मिळतात.)

ताई: शाब्बास! तुमचा फोनही असंच करतो. पोरांच्या जागी रेडिओ लहरी. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात आणि 'मी अमुक ठिकाणी, आत्ता इतके वाजले' एवढंच सांगत राहतात. लहर सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर धावते. डोक्यावरच्या उपग्रहाकडून यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग पुरतो.

रोशन: मग घड्याळ थोडं चुकलं तर?

ताई: सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी अंतरात 300 मीटरचा फरक! खजिना शाळेत आणि तुम्ही खोदताय शेजारच्या गल्लीत. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, फोनमधलं मात्र साधंच. त्याची चूक सानियासारखी हिशेबानं काढावी लागते.

सानिया: तीन उपग्रह पुरतात?

ताई: मैदान सपाट म्हणून आपलं तिघांत भागलं. फोनला उंचीही शोधायची असते, तेव्हा किमान चार लागतात. तिथं वर्तुळांऐवजी गोळे एकमेकांना छेदतात. आपल्या इस्रोची नाविक प्रणालीही याच तत्त्वावर चालते.

रोशन: आणि फोन उपग्रहाला काय सांगतो?

ताई: काहीच नाही, फक्त ऐकतो. म्हणून रेंज नसली तरी जागा कळते. नकाशा तेवढा आधी उतरवून ठेवायचा.

(गुड्डूचं खुरपं डब्याला लागतं.)

गुड्डू: संत्रा बर्फी!

सानिया: अबे, फक्कीचे हात धू आधी!


(पडदा)