पंप लावण्याआधी हे वाच

ओंकार,

बाकी घराचं तुला काही सांगायला नको, पण पंपाचं लिहूनच ठेवते. त्याचा मूड सांभाळायचं काम इतकी वर्षं काका करतात आणि या वेळी तेही माझ्याबरोबर आहेत.

नळाला सकाळी सहाच्या सुमारास पाणी येतं, ते आपोआप जिन्याजवळच्या हौदात पडतं. तिथे बॉलकॉक आहे, बघायची गरज नाही. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं तेवढं पंपाचं काम. टाकी हजार लिटरची आहे, तुला एकट्याला तीन दिवस सहज पुरेल. रोज लावायचा सोस नको. पण आठवडाभर बंदही ठेवू नकोस, आतून गंज धरून जाम होतो. शनिवारी कधीकधी महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते. पेपरात आधी येतं, तसं दिसलं तर शुक्रवारीच टाकी भरून घे.

पंप लावायचा तो सकाळी, नऊच्या आत. संध्याकाळी आपल्या गल्लीत व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज कमी झालं की मोटर करंट जास्त ओढते, तापते आणि मग स्विच पडतो. बोर्डावर दोन काटे आहेत. डावा व्होल्टेजचा, तो २०० च्या खाली असेल तर हातच लावू नकोस. उजवा अँपिअरचा.

पायात रबरी चप्पल, हात कोरडे, मग एमसीबी वर कर. लगेच आत जाऊन मोबाइल बघत बसू नकोस, एक मिनिट तिथेच थांब. उजवा काटा आधी उसळी मारतो आणि सहाच्या आसपास स्थिरावतो. आवाज भरीव, एकसारखा येतो. असं झालं की सगळं ठीक. पंचवीस मिनिटांचा अलार्म लाव आणि वाजला की बंद कर. टाकी वाहिली तर पाणी थेट शेजारच्या काकूंच्या गच्चीत पडतं, आणि सध्या तिथे कुरडया वाळत आहेत.

काटा चारच्या खाली आणि आवाज पोकळ, किरकिरा असेल तर पंप कोरडा फिरतोय. ताबडतोब बंद कर, नाहीतर सील जळतं. आधी हौदात पाणी आहे ना ते बघ. असेल, तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय आणि पाइपातलं पाणी रात्रभरात खाली उतरलंय. एमसीबी खाली, मग पंपाच्या डोक्यावरचा पितळी बूच पान्याने सोडव (पाना खिडकीत आहे). मगाने सावकाश पाणी ओत. बुडबुडे येत राहतील, ते थांबून पाणी काठोकाठ येऊन तसंच राहिलं की बूच घट्ट लाव. घाईघाईने ओतलंस तर हवा आतच राहते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

नुसतं गुंऽऽ करतोय, फिरत नाहीये? दोन सेकंदांत बंद. एकतर जाम झालाय, नाहीतर कपॅसिटर गेलाय. एमसीबी खाली ठेवूनच मागच्या पंख्याकडच्या दांड्याची खाच स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघ. सैल झाला तर पुन्हा लाव. तरी गुणगुणला तर सोडून दे. कपॅसिटरचा डबा मात्र उघडायचा नाही. लाइट बंद असली तरी त्यात करंट साठून राहतो, जोरात झटका बसतो.

आता स्विच पडण्याचं. दहा-पंधरा मिनिटं चालून पडला तर मोटर तापलीय. अर्धा तास थांब. पडलेला दांडा कधीकधी मध्येच अडकतो, तो सरळ वर ढकलला तर बसत नाही. आधी टक् आवाज येईपर्यंत पूर्ण खाली, मग वर. असं एकदाच. दुसऱ्यांदा पडला तर त्या दिवशी पंपाला सुट्टी. वर करताक्षणी फाटकन पडला तर पुन्हा प्रयत्नच नको, कुठेतरी शॉर्ट आहे. दांडा हाताने धरून ठेवणं, चिकटपट्टी लावणं, असले उद्योग तर मुळीच नकोत. मागच्या भाडेकरूंनी तेच करून वायर वितळवली होती.

आणि पंप लावल्यावर सगळ्या घराचीच लाइट गेली, तर हॉलमधला मोठा आरसीसीबी पडलाय. म्हणजे मोटरमध्ये ओल जाऊन करंट उतरतोय, पाऊस झाला की होतं. आधी पंपाचा एमसीबी खाली कर, मगच आरसीसीबी वर. घर चालू राहील. पंपाला आणि त्याच्या पाइपाला हात लावू नकोस, वायरमनला बोलाव.

वायरमनचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. ‘येतो’ म्हणाला की तासाभराने पुन्हा फोन कर, नाहीतर येत नाही. तो नवीन मोटरच घ्या म्हणेल. घ्यायची नाही, आधी कपॅसिटर बदलून बघा म्हणावं. तोवर बाथरूममधला ड्रम भरून ठेवलाय, आणि काकू त्यांच्या टाकीतून पाइप टाकून देतात, मागायला लाजू नकोस.

पैसे देवघराच्या खणात आहेत. वायरमनला दिलेस तर पावती घे.

— आत्या