स्नेहलच्या साखरपुड्यानिमित्त

सांगली

प्रिय स्नेहल,

सस्नेह नमस्कार.

काकूंनी साताऱ्याहून पाठवलेले कंदी पेढे काल संध्याकाळी पोचले आणि तुझा साखरपुडा ठरल्याची बातमी आमच्या घरी गोड तोंडानेच ऐकली गेली. तुझे आणि अमोल यांचे मनःपूर्वक अभिनंदन.

कार्ड घ्यायला गणपती पेठेत गेले, तेव्हा बहुतेक कार्डांवर 'नांदा सौख्यभरे' असे छापलेले दिसले. तो आशीर्वाद लग्नाच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभतो, म्हणून मी आतून कोरे असलेले कार्ड निवडले. साखरपुडा म्हणजे शब्द देण्याचा दिवस, आणि तू दिलेल्या शब्दाविषयी काही लिहिण्याचा अधिकार मला नक्की आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले, रस्ते बंद झाले आणि आम्ही मामांकडे वरच्या मजल्यावर अडकून पडलो होतो, तेव्हा तुझा फोन आला. धीर धर, सगळे ठीक होईल, असे तेव्हा प्रत्येकजणच म्हणत होता. तू मात्र एवढेच म्हणालीस, "वाट उघडली की येते." पाणी ओसरल्यावर घराचे कुलूप उघडायला आम्ही गेलो, त्या दिवशी तू हातात खराटा आणि फिनेलचा डबा घेऊन दारात उभी होतीस. पुढचे तीन दिवस तू चिखल काढलास, आईच्या लग्नातला शालू चार वेळा स्वच्छ पाण्यातून काढलास आणि माझी पुस्तके पान न् पान सुटे करून गच्चीवर वाळवलीस. त्यांतली काही आजही माझ्या कपाटात आहेत. पाने तपकिरी पडली आहेत, पण वाचता येतात.

अमोल यांची माझी अजून भेट नाही. त्यांना माझ्यातर्फे एवढेच सांग, की ही मुलगी थोडे बोलते आणि बोललेले करते, त्यामुळे रविवारी तिने दिलेला शब्द त्यांनी निर्धास्तपणे घ्यावा. तुझे सासर कराडचे, हे ऐकून मला आणखी आनंद झाला. कृष्णेच्याच काठाने तू माझ्या निम्म्या वाटेवर येणार आहेस.

आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शनिवारी मिरजेला ठरली आहे आणि तिला एकटीला ठेवून मला निघता येणार नाही, म्हणून साखरपुड्याला माझे येणे होत नाही. याचे मला फार वाईट वाटते. लग्नाला मात्र आठ दिवस आधी येईन आणि रुखवताचे काम माझ्याकडे राहील.

सोबत आईने मार्केट यार्डातून निवडून आणलेली पाच हळकुंडे पाठवत आहे. रविवारी तुझी ओटी भरतील, तेव्हा त्यांत ही घालायला काकूंना आठवणीने सांग. काका-काकूंना आमचा नमस्कार.

तुझी,
वैशाली