आरोपी नं. 2 तर्फे फायनल आर्ग्युमेंटचे मुद्दे (कलम 397 सह 34, बारामती)

सुरुवात घटनेवरून करायची नाही, घटना सरकारी वकिलांनी सांगून झालीय. सरळ म्हणायचं, साहेब, लूट झाली की नाही यावर मी वेळ घेत नाही, माझा माणूस तिथे होता का एवढंच बघा. आणि तो होता असं सांगणारा एकच साक्षीदार, फिर्यादी, पीडब्ल्यू 1. आपल्याकडून रिकव्हरी शून्य. 18,000 रुपये निघाले ते आरोपी नं. 1 कडून, त्याचं कलम 27 चं निवेदन आपल्यावर वापरता येत नाही, हे दोन वाक्यात उरकायचं.

उशीर. घटना 14 नोव्हेंबर 2022, रात्री पावणेदहा. फिर्याद 17 तारखेला सकाळी 11.20 ला, म्हणजे साडेएकसष्ट तास. पोलीस स्टेशन 4 किलोमीटरवर, आणि उलटतपासात तो स्वतः कबूल करतो की घरी जाताना स्टेशनच्या गेटवरूनच गेलो. कारण काय देतो तर घाबरलो होतो. बरं, घाबरलेला माणूस घरात बसतो ना, हा 15 तारखेला डेअरीत हिशोबाला गेला, 16 ला मोबाइलच्या दुकानात जाऊन नवीन सिमसाठी अर्ज दिला (निशाणी 31, हा कागद हातात धरूनच वाचायचा) आणि त्यात लिहिलंय "मोबाइल प्रवासात हरवला". लुटला नाही, हरवला! खाली सही त्याचीच. इथे थांबायचं, साहेबांना वाचू द्यायचं, घाई करायची नाही.

थुलिया काली विरुद्ध तामिळनाडू राज्य, 1972, सुप्रीम कोर्ट. तिथे वीस तासांपेक्षा जास्त उशीर आणि पोलीस स्टेशन दोन मैलांवर, तरी कोर्टाने म्हटलं की उशिरामुळे फिर्यादीतला ताजेपणा जातो आणि रंगवून सांगायला वाव मिळतो. नुसत्या उशिराने केस पडत नाही हे आपणच आधी मान्य करायचं, नाहीतर सरकारी वकील तेच धरून बसतील. आपला मुद्दा असा की उशिराचं पटेल असं कारण नाही आणि मधल्या काळात फिर्यादीने वेगळीच गोष्ट लिहून दिलीय. शिवाय फिर्यादीची प्रत मॅजिस्ट्रेटकडे 19 ला पोचली, कलम 157, आयओकडे त्याचंही उत्तर नाही.

आता ओळख, खरी लढाई इथेच. फिर्यादीत वर्णन एवढंच: 25 ते 30 वर्षांचे दोन अनोळखी इसम, तोंडाला रुमाल. कोर्टात येऊन म्हणतो झटापटीत रुमाल खाली आला आणि चेहरा दिसला. हे फिर्यादीत नाही, पुरवणी जबाबात नाही, आयओकडून ओमिशन सिद्ध करून घेतलंय. उजेड कसला? पंचनाम्यात खांब नाही, दिवा नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस. चांदणं होतं म्हणतो. पण पौर्णिमा 8 नोव्हेंबरला झाली, 14 ला रात्री पावणेदहाला चंद्र उगवलेलाच नव्हता, पंचांग सोबत न्यायचं (तू आठवणीने पिशवीत टाक).

ओळखपरेड. अटक 22 नोव्हेंबर, परेड 29 डिसेंबर, 37 दिवसांनी. मधे पोलिसांनी दोघांना उभं करून काढलेला फोटो पेपरात आला आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, फिर्यादी म्हणतो "हो, बघितला होता". मग परेडमध्ये त्याने माणूस ओळखला की फोटो? बुधसेन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, 1970, परेडआधी साक्षीदाराला आरोपी दिसू नये याची काळजी घ्यायला हवी. रिमांड कागदात चेहरा झाकल्याची नोंद कुठेच नाही.

आणि भुवईवरचा व्रण. आपल्या माणसाच्या डाव्या भुवईवर इंचभर जुना व्रण, डमींपैकी एकाच्याही नाही, नायब तहसीलदारांनी पट्टी लावली नाही, डमींची उंची, वय लिहिलं नाही. दोन आरोपींना मिळून फक्त सहा डमी, क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे दहा-बारा हवेत. आणि जो व्रण परेडमध्ये लगेच डोळ्यात भरतो तो फिर्यादीत कसा नाही? चेहरा खरंच बघितला असता तर सगळ्यात आधी तोच सांगितला असता ना.

सरकारी वकील मलखानसिंग, 2003 देतील, की कोर्टातली ओळख हाच मूळ पुरावा. मान्य, पण तिथे साक्षीदाराला आरोपींना बघायला भरपूर वेळ मिळाला होता, इथे अंधारात मिनिटभराची झटापट. आणि कोर्टातली ओळख अडीच वर्षांनी, पिंजऱ्यात दोघंच उभे.

313 मध्ये त्याने सांगितलंय त्या रात्री कारखान्यावर ट्रॉलीच्या नंबरात होतो. बचावाचा साक्षीदार आपण दिलेला नाही, म्हणून यावर जोर द्यायचा नाही, विचारलं तरच. सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची.

शेवटी मागणी: कलम 235 खाली निर्दोष सुटका, 437अ चा बाँड आजच तयार ठेवलाय. त्याची आई रोज मागच्या बाकावर येऊन बसते, तिला म्हणावं त्या दिवशी जामीनदाराला सोबत घेऊन ये, सातबारा आणि आधार विसरू नको.