लेखिकेविषयी

लेखिका जुन्नर येथे औषधांचे दुकान चालवतात आणि गेली सहा वर्षे या मासिकात दर महिन्याला ‘घाटवाट’ हे सदर लिहितात. दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ. लिहिणे होते ते सोमवारी, दुकान बंद असते त्या दिवशी. इतिहासाचे किंवा पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नाही, हे परिचयात स्पष्ट लिहावे असा त्यांचाच आग्रह आहे. ब्राह्मी लिपी मात्र त्या नेटाने शिकल्या. नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतीवरचा सातवाहनकालीन लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावा, एवढ्याच ओढीने. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरले आहेत: गायी, घोडे, कार्षापण नाणी. घाटात जाताना पिशवीत वही नसे, तेव्हा त्यांनी हे आकडे औषधांच्या जुन्या बिलांच्या पाठीवर उतरवून घेतले. पेन्सिलीने लिहिलेली ती बिले त्यांनी आजही जपून ठेवली आहेत.

प्रस्तुत लेखासाठी त्या तीन वेळा नाणेघाट उतरून वैशाखऱ्यापर्यंत गेल्या. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाची लेखात दिलेली मापे त्यांनी स्वतः घेतलेली आहेत. लेखातील मते त्यांची वैयक्तिक आहेत.

पुढील अंकात त्या दाऱ्या घाटाविषयी लिहितील. वाचकांनी पत्रे संपादकीय कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावीत. प्रत्येक पत्राला त्या स्वतःच्या हाताने उत्तर लिहितात, त्यामुळे उत्तर यायला दोन-तीन सोमवार लागतात.