निळी गोळी भरल्या पोटी, चहा तासभर लांब

(तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत, सोमवारी मधल्या सुट्टीनंतर, उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आठवी ते दहावीच्या मुलींशी बोलल्या, ते असं.)

मुलींनो, डबे खाऊन झाले का सगळ्यांचे? आठवीच्या मुलींची खिचडी झाली? कुणाचं खायचं राहिलं असेल तर आधी खाऊन घ्या, मी थांबते. लोहाची गोळी त्यानंतरच द्यायची आहे.

मागच्या आठवड्यात सिस्टर आणि मी इथं येऊन तुमच्या बोटाला टोचून रक्त तपासलं. प्रत्येकीच्या कार्डावर एक आकडा लिहिलाय. त्याला आपण एचबी म्हणतो, म्हणजे हिमोग्लोबिन. तुमच्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असायला हवं. 11 ते 12 च्या मध्ये असेल तर सौम्य ॲनिमिया, 8 ते 11 च्या मध्ये मध्यम, आणि 8 च्या खाली गेलं तर तीव्र. ज्यांचा आकडा 12 च्या खाली आहे त्यांनी लाजायचं काही कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019 ते 2021 मध्ये झालं, त्यात देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी शंभरात 59 जणींना ॲनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त. त्यामुळं हा एकटीदुकटीचा दोष नाही, आणि कार्ड दप्तरात लपवायचीही गरज नाही.

हिमोग्लोबिनचं काम काय? ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या फडातून कारखान्याला ऊस नेतात ना, तशा रक्तातल्या लाल पेशी फुप्फुसातून ऑक्सिजन भरून घेतात आणि मेंदूला, पायांच्या स्नायूंना, हृदयाला पोचवतात. तो ऑक्सिजन धरून ठेवायला पेशीत लोह लागतं. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट तयार होतात, ऑक्सिजन कमी पोचतो. मग दुसऱ्या तासालाच डोकं जड होतं, गणित समोर असून डोक्यात शिरत नाही, जिना चढला की धाप लागते. बऱ्याच आया म्हणतात, पोरगी आळशी झालीय, उठवल्याशिवाय उठत नाही. आळस कुठला, तिला खरंच दम पुरत नसतो.

आता शेजारणीकडं वळा. तिला वर बघायला सांगा आणि तिची खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढा. हात धुतलेत ना? आतला भाग लालसर दिसला तर बरं. फिकट, पांढुरका दिसला तर आकडा बहुतेक कमी असणार. तळहातही बघा. आणखी एक विचारते, खरं सांगायचं. कुणाला खडू, माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? बघा, तिघीचौघी एकमेकींकडं बघून हसल्या. ही वाईट सवय म्हणून घरी रागावतात, पण शरीरात लोह कमी झाल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा मुलींनी जाताना मला भेटून जा, सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही.

मुलींमध्येच हे जास्त का? या वयात उंची वाढते, रक्तही वाढतं, त्यासाठी लोह लागतं. त्यात पाळी सुरू झाली की दर महिन्याला थोडं रक्त जातं, म्हणजे लोहही जातं. रोज सुमारे 30 मिलिग्रॅम लोह तुमच्या खाण्यातून यायला हवं, आणि घरोघरी ते तेवढं येत नाही. ज्यांची पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, दर एकदोन तासांनी पॅड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, त्यांनी आशाताईंना किंवा मला सांगायचंच. तिथं नुसत्या गोळीनं भागत नाही, दवाखान्यात दाखवावं लागतं. पोटातले जंतही रक्त खातात. त्यातला एक प्रकार उघड्या पायांनी शेतात, परसात फिरताना कातडीतून शिरतो. म्हणून वर्षातून दोनदा जंताची गोळी देतो. ती घ्यायची, आणि चप्पल घालायची.

आता खाण्याचं. आपल्या भागात लोहाची चणचण नाही. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, घेवडा, मेथी, शेपू, राजगिऱ्याची भाजी, तीळ, अळीव, सगळ्यांत लोह आहे. खाणाऱ्यांकडं मटण, कलेजी, मासे असतात, त्यातलं लोह तर शरीर सगळ्यात सहज घेतं. आटपाडीकडच्या मुली म्हणतील, आम्ही डाळिंब खातो. डाळिंब, बीट जरूर खा, पण लाल रंग बघून रक्त वाढतं असं समजू नका. डाळिंबापेक्षा वाटीभर मटकीत कितीतरी जास्त लोह असतं.

भाकरी, कडधान्य, भाजीपाल्यातलं लोह शरीराला नीट घेता येत नाही, थोडंच पोटातून रक्तात जातं. सोबत आंबट घेतलं तर जास्त जातं. उसळीवर लिंबू पिळा. जेवणात आवळा घ्या, कच्चा टोमॅटो घ्या, जेवण झाल्यावर पेरू खा. कडधान्य भिजवून मोड आणा, म्हणजे लोह अडवणारे घटक कमी होतात. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही येतं.

आणि मग येतो चहा. सकाळी उठल्या उठल्या चहा, मग चहा-चपाती, शाळेतून आल्यावर चहा-खारी. आपल्या घरांत चपाती चहात बुडवून खाणं म्हणजेच नाश्ता. चहातला घटक लोहाला धरून बसतो आणि ते रक्तात नीट जाऊ देत नाही. म्हणजे आईनं पहाटे उठून थापलेल्या भाकरीतलं बरंचसं लोह एका कपानं वाया जातं. आज तुमच्या दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: जेवणाच्या आधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा, कॉफी नाही. चहा सोडा म्हणत नाही मी. आजीनं कप पुढं केला तर तिला म्हणा, "आजी, तासाभरानं पिते." चहा पळून जात नाही.

आता ही गोळी. निळी आहे बघा, वर साखरेचं आवरण आहे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे. ज्यांचा आकडा 12 किंवा वर आहे त्यांनीसुद्धा आठवड्यातून एक घ्यायची, ॲनिमिया होऊ नये म्हणून. आपला वार सोमवार. ज्यांचा आकडा कमी आहे त्यांना रोजच्या गोळ्या दिल्यात, किती घ्यायच्या ते कार्डावर लिहिलंय. ते शेजारणीचं बघून बदलायचं नाही.

उपाशीपोटी घेतली तर लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण मळमळतं, पोटात दुखतं आणि मग मुली गोळी बंद करतात. म्हणून आपण भरल्या पोटी घेतो. सोबत चहा नाही, दूध नाही, ताक नाही, साधं पाणी. डब्यात लिंबाची फोड आणली असेल तर जेवताना भाजीवर पिळा. गोळी चावायची नाही, जिभेखाली धरून नंतर खिडकीतून टाकायचीही नाही. अख्खी गिळायची. रोजची गोळी चालू आहे आणि दुपारी त्रास होतो, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर झोपताना घ्या. कुणाला कॅल्शियमची किंवा पित्ताची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

श्रावण आला की तुमच्यातल्या निम्म्या जणींचा सोमवारचा उपवास असतो. त्या दिवशी रिकाम्या पोटी गोळी घेऊ नका, नुसत्या साबुदाण्यावर तर नकोच. मंगळवारी जेवणानंतर घ्या. राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. सुट्टीत मामाच्या गावी जाताना पाकीट सोबत न्या.

पहिल्यांदा थोडी मळमळ होईल, कुणाला शौचास घट्ट होईल, कुणाला पातळ. काही दिवसांत बसतं. पाणी भरपूर प्या. शौच काळी होते, ते शरीरात न गेलेलं लोह असतं, घाबरायचं नाही. पण उलट्या थांबत नसतील, अंगावर पुरळ आलं, तर गोळी थांबवा आणि मला फोन करा. ताप असेल त्या दिवशी गोळी घेऊ नका, आधी दाखवा. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर आजच सांगा, तुमची तपासणी वेगळी करावी लागेल.

गेल्या वर्षी चिठ्ठ्यांवर तुम्ही प्रश्न लिहून दिले होते. गोळीनं अंग काळं पडतं का? नाही. वजन वाढतं का? नाही, बरं वाटलं की भूक लागते एवढंच. पुढं मुलं होत नाहीत का? हे कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण साफ खोटं आहे. उलट रक्त चांगलं असेल तर पुढं बाळंतपणातला धोका कमी होतो. उष्ण पडते का? नाही, पित्तासारखं वाटतं ते रिकाम्या पोटी घेतल्यामुळं.

दहावीत एक मुलगी होती, खो-खोच्या संघातली. दोन डाव खेळली की खाली बसायची. एचबी 8.9 निघालं. आई म्हणाली, गोळ्या खाऊन पोरीचं पोट बिघडतं. मी घरी गेले तर ती सकाळी चहासोबत गोळी घेत होती, तीही काही न खाता. वेळ बदलून रात्रीच्या जेवणानंतर केली, मोड आलेली मटकी सुरू केली. महिनाभरात आकडा 10 च्या वर गेला आणि तिला वाटलं, आता बरं आहे, पुरे. इथंच बऱ्याच जणी थांबतात. बरं वाटतं तेव्हा रक्त सुधारलेलं असतं, पण शरीरातला लोहाचा साठा रिकामाच असतो. थांबलं की आकडा परत घसरतो. म्हणून रोजच्या गोळ्या तीन महिने घ्यायच्याच, मधे दर महिन्याला तपासायचं. तिनं पूर्ण घेतल्या, आणि 12.1 झालं.

शेवटचं, लहान भावंडांबद्दल. गोळी गोड लागते म्हणून लहान मूल पाकीटच चघळेल. त्यात मुलाचा जीव जाऊ शकतो. पाकीट उंच फळीवर, डब्यात बंद. कुणी जास्त गोळ्या गिळल्या तर वाट बघत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

चला, बाटल्या काढा. ताप आहे किंवा डबा खाल्ला नाही त्यांनी खिडकीच्या बाजूला उभं राहा. बाकीच्यांनी एकेक पुढं या, बाई वहीत खूण करतील. गोळी गिळून झाली की तोंड उघडून दाखवा. आणि घरी गेल्यावर चहाआधी घड्याळ बघा.