प्रात्यक्षिक परीक्षेचे परिपत्रक: फलकासाठी मुद्देसूद सूचना

मा. प्राचार्य मॅडम,

आपलं परिपत्रक सूचना फलकासाठी मुद्देसूद करून सोबत ठेवलं आहे. ताडून पाहता यावं म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा वर दिला आहे. निर्णय एकही बदललेला नाही, फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांची कामं वेगवेगळी केली आहेत. मूळ परिच्छेदात जर्नल जमा करण्याची तारीख अगदी शेवटी आहे. फलकासमोर घाईत उभा असलेला विद्यार्थी तिथवर पोचलाच नाही, तर त्याची परीक्षाच हुकेल. म्हणून ती सर्वांत वर घेतली. ‘येत्या शनिवारी’ऐवजी तारीख लिहिली आहे, कारण कागद फलकावर दोन आठवडे राहणार आहे. ‘वेळेपूर्वी’ म्हणजे अर्धा तास आधी आणि ‘संबंधितांशी’ म्हणजे पर्यवेक्षकांशी, हे आपण काल सांगितल्याप्रमाणे घातलं. आजारी विद्यार्थ्यांबद्दलचं वाक्य मजकुराच्या मध्ये दडलं होतं. ते ज्याला लागेल तो आधीच काळजीत असणार, म्हणून त्याला स्वतंत्र जागा दिली. आपली सही झाली की आजच लावतो.

– पर्यवेक्षक

मूळ परिपत्रक

सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, बारावी विज्ञान शाखेची प्रात्यक्षिक परीक्षा दि. १९ जानेवारीपासून सुरू होत असून भौतिकशास्त्र १९, रसायनशास्त्र २१ व जीवशास्त्र २३ रोजी होईल, तुकडी अ सकाळी ९ व तुकडी ब दुपारी १ वाजता, तरी सर्वांनी ओळखपत्रासह वेळेपूर्वी उपस्थित राहावे व मोबाइल आणू नये, तसेच आजारपणामुळे अनुपस्थित राहणाऱ्यांनी त्याच दिवशी पालकांच्या अर्जासह वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे म्हणजे त्यांची परीक्षा २४ रोजी घेता येईल, प्रयोगशाळा सहायकांनी १७ पर्यंत साहित्य तपासून नादुरुस्त उपकरणांची यादी कार्यालयात द्यावी, वर्गशिक्षकांनी ही सूचना वर्गात वाचून दाखवावी व जर्नल न देणाऱ्यांची नावे सोमवारी कळवावीत, कारण येत्या शनिवारी दुपारी २ पर्यंत जर्नल विषयशिक्षकांकडे जमा न करणाऱ्यांना परीक्षेस बसता येणार नाही, तपासलेली जर्नल १६ रोजी परत मिळतील, अडचण असल्यास संबंधितांशी संपर्क साधावा.

सूचना

दिनांक: ६ जानेवारी २०२६

विषय: बारावी विज्ञान शाखेची प्रात्यक्षिक परीक्षा आणि जर्नल जमा करणे

कोणासाठी: बारावी विज्ञान, तुकडी अ व ब यांचे सर्व विद्यार्थी, वर्गशिक्षक व विषयशिक्षक, प्रयोगशाळा सहायक

तातडीची कृती: तिन्ही विषयांची पूर्ण जर्नल शनिवार, १० जानेवारी, दुपारी २ वाजेपर्यंत आपापल्या विषयशिक्षकांकडे जमा करा. जर्नल जमा न केल्यास परीक्षेला बसता येणार नाही.

परीक्षेच्या तारखा

- भौतिकशास्त्र: सोमवार, १९ जानेवारी
- रसायनशास्त्र: बुधवार, २१ जानेवारी
- जीवशास्त्र: शुक्रवार, २३ जानेवारी

तुकडी अ: सकाळी ९ वाजता (हजर राहण्याची वेळ ८.३०)
तुकडी ब: दुपारी १ वाजता (हजर राहण्याची वेळ १२.३०)

विद्यार्थ्यांनी काय करायचे

1. वर दिलेल्या मुदतीत जर्नल जमा करणे.
2. तपासलेली जर्नल शुक्रवार, १६ जानेवारीला विषयशिक्षकांकडून परत घेणे.
3. परीक्षेला ओळखपत्र आणणे. मोबाइल आणू नये.

आजारी असल्यास: परीक्षेच्या दिवशीच पालकांचा अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्र कार्यालयात पोचवावे. विद्यार्थ्याने स्वतः येण्याची गरज नाही, घरातील कोणीही आणून दिले तरी चालेल. अशा विद्यार्थ्यांची परीक्षा शनिवार, २४ जानेवारीला होईल.

वर्गशिक्षकांनी: ही सूचना उद्या पहिल्या तासाला वर्गात वाचून दाखवावी. जर्नल न दिलेल्यांची नावे विषयशिक्षकांकडून घेऊन सोमवार, १२ जानेवारीला कार्यालयात द्यावीत.

विषयशिक्षकांनी: जर्नल तपासून, सही करून १६ जानेवारीला परत द्यावीत.

प्रयोगशाळा सहायकांनी: शनिवार, १७ जानेवारीपर्यंत साहित्य तपासून नादुरुस्त उपकरणांची यादी कार्यालयात द्यावी.

अडचण असल्यास: पर्यवेक्षकांना भेटावे.

प्राचार्य

प्रत: सूचना फलक, सूचना वही, तिन्ही प्रयोगशाळा