प्रतिसादाचे प्रमाण आणि अप्रतिसादामुळे येणारा कल
पेडणे व डिचोली तालुक्यांतील ४०० घरांत प्रश्नावली दिली. १६ घरे कायमची बंद असल्याचे शेजाऱ्यांकडून कळल्याने वगळली. उरलेल्या ३८४ पैकी २५२ प्रश्नावल्या परत आल्या, निम्म्याहून अधिक कोऱ्या असलेल्या ९ बाद करून २४३ विश्लेषणात घेतल्या (प्रतिसाद ६३.३ टक्के). स्मरणपत्र नेमके चतुर्थीच्या दिवसांत गेले, ही नियोजनातील चूकच. स्मरणपत्राआधी उत्तर देणारे १७१ आणि नंतरचे ७२ यांच्या वयोगटात वा शिक्षणात लक्षणीय फरक आढळला नाही (काय-वर्ग चाचणी, p = ०.४१ व ०.२८). मात्र उशिरा उत्तर देणाऱ्यांत हॉटेल-कारखान्यांत पाळीने काम करणारे जास्त होते (p = ०.०२). उत्तर न देणाऱ्यांतही तेच अधिक असावेत. वय व लिंगानुसार मतदार यादीशी ताडून भार दिले, तरी ही उणीव त्यातून भरून निघत नाही.